तलावावरच्या पक्ष्यांची घट खरी की भासमान? कल काढताना नेहमी होणारी चूक आणि ती शोधायचा क्रम

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी करणारे बरेच गट आहेत. धान कापून झालेलं असतं, बांध्या मोकळ्या असतात, पाळीवर उभं राहिलं की अख्खा तलाव दिसतो. दहा-पंधरा वर्षांच्या वह्या साठल्या की कुणीतरी त्या एक्सेलमध्ये चढवतो, आलेखावर सरळ रेषा टाकतो आणि सांगतो, "दादा, अडई बदकं कमी झाली. पी-व्हॅल्यू ०.००३ आली." पी-व्हॅल्यू म्हणजे खरी घट नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा उतार दिसण्याची शक्यता. अशा फायली माझ्याकडे पुन्हा पुन्हा आल्या आहेत आणि बहुतेकींत एकच बिघाड निघाला. आकडे खरे असतात, रेषाही बरोबर असते. तिच्यावरचा भरवसा मात्र फुगलेला असतो, कारण एका वर्षाचा आकडा आदल्या वर्षाला चिकटलेला असतो आणि मधली काही वर्षं गायब असतात.

हा बिघाड कसा ओळखायचा आणि कुठल्या क्रमाने तपासायचा, ते इथे लिहितो. आधी फुकटातल्या तपासण्या आहेत आणि शेवटी संगणकावरच्या.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण आलेखावर डोळ्यांनी दिसतं. रेषेभोवती ठिपके विखुरलेले नसतात. सलग चार-पाच वर्षं ते रेषेच्या वर असतात, मग सलग चार-पाच वर्षं खाली. दुसरं लक्षण म्हणजे सुरुवातीची दोन-चार वर्षं झाकली की घट नाहीशी होते किंवा उलटून वाढ दिसते. तिसरं, एकाच वहीवरून दोघांनी दोन वेगळी उत्तरं काढलेली असतात, कारण एकाने रिकाम्या वर्षांत सरासरी भरली आणि दुसऱ्याने ती वर्षं गाळली. चौथं, नव्या एका वर्षाची भर पडली की निष्कर्ष बदलतो.

यातलं एकही लक्षण दिसलं तरी पी-व्हॅल्यू बाजूला ठेवा आणि पहिल्या तपासणीपासून सुरुवात करा.

समजायला सोपं जावं म्हणून वर्षवार आकड्यांची एक माळ घेऊ. हे आकडे सरावासाठी मांडलेले आहेत, कुठल्याही खऱ्या तलावाचे नाहीत. पण मी पाहिलेल्या वह्यांत आकड्यांची चाल अशीच असते. सहा तलावांवरची अडईची एकूण संख्या:

२००९: ६१०, २०१०: ६४०, २०११: ६५५, २०१२: ५६०, २०१३: ४३०, २०१४ आणि २०१५: मोजणी नाही, २०१६: ३३०, २०१७: ३५०, २०१८: ३९५, २०१९: ४७०, २०२०: ४८०, २०२१: मोजणी नाही, २०२२: ३५०, २०२३: ३३०.

संख्येचा लॉग घेऊन सरळ रेषा टाकली तर दरवर्षी सुमारे ४.२ टक्के घट येते. पी-व्हॅल्यू ०.००३ आणि ९५ टक्के विश्वासाची पट्टी, म्हणजे खरा दर जिच्यात असावा असा पल्ला, १.८ ते ६.५ टक्के घटीची. बातमी पक्की वाटते. आता तपासू.

पहिली तपासणी: रिकामं की शून्य?

याला फक्त मूळ वही लागते. मोजायला गेलो आणि एकही पक्षी दिसला नाही, ते शून्य. गेलोच नाही, ते रिकामं. वहीत दोन्ही ठिकाणी आडवी रेघ मारलेली असते आणि एक्सेलमध्ये चढवताना कुणी तिथे ० टाकतो. न मोजलेल्या एका वर्षाचं असं शून्य झालं की अख्खी रेषा वाकते. लॉग घेताना शून्य अडतं, मग कुणी घाईत सगळ्यात १ मिळवतो आणि चूक आणखी खोल गाडली जाते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे न मोजण्याचं कारण. हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकदा एका तलावाचं सलग दोन वर्षांचं पान कोरं होतं. मोजणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "तलाव तर सुकला होता दादा, कायले जायचं?" म्हणजे ती वर्षं नुसती गळालेली नव्हती. पाणी नव्हतं म्हणून पक्षी नव्हते आणि पक्षी नव्हते म्हणून मोजणी नव्हती. अशी वर्षं गाळली तर वहीत फक्त चांगली वर्षं उरतात आणि घट असलीच तर लपते. तलाव खरंच कोरडा होता हे दोघा-तिघांकडून पक्कं झालं तर तिथे शून्य लिहिता येतं, पण शेजारी कारण लिहून. गट विस्कळीत झाला, गाडी मिळाली नाही किंवा कोरोनामुळे बाहेर पडता आलं नाही, अशा कारणांचा पक्ष्यांच्या संख्येशी संबंध नसतो. ती वर्षं रिकामीच ठेवावी.

उलटा प्रकारही होतो. पाऊस भरपूर झाला की अडई लहानसहान बोड्यांतही पसरते आणि आपल्या सहा तलावांवर कमी दिसते. कमी पावसाच्या वर्षी उरलेल्या पाण्यावर ती गोळा होते आणि आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक वर्षासमोर "पाणी किती" हे जुन्या लोकांच्या आठवणीवरून का होईना, लिहून काढा. पुढे ते लागतं.

दुसरी तपासणी: दरवर्षी तेच तलाव मोजलेत का?

एकूण बेरीज फसवी असते. सहापैकी सर्वात मोठ्या तलावावर ३०० पक्षी असतील आणि एका वर्षी नेमका तोच राहून गेला, तर एकही पक्षी न जाता ५०० चे २०० होतात. म्हणून तलाव उभे आणि वर्षं आडवी असा तक्ता करा आणि रिकाम्या घरांवर पेन्सिलने खूण करा. दोन-चारच घरं रिकामी असतील तर सगळ्या वर्षी मोजलेले तलाव तेवढे घेऊन कल काढा. पक्षी कमी होतील, पण तुलना खरी राहील.

बरीच घरं रिकामी असतील तर बेरीज सोडून द्यावी लागते. मग प्रत्येक तलावाचा स्वतःचा स्तर आणि प्रत्येक वर्षाचा समाईक परिणाम असं गणित मांडतात. नेदरलँड्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेने नेमकं याच कामासाठी TRIM नावाची पद्धत केली आहे आणि R या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत ती `rtrim` या पॅकेजात मिळते. आपल्या सरावाच्या माळेत सहाही तलाव मोजलेल्या वर्षीच आकडे आहेत असं धरू आणि पुढे जाऊ.

तिसरी तपासणी: पहिली काही वर्षं झाकून पाहा

आलेखावर हाताने पहिली चार वर्षं झाका. २०१३ पासूनच्या आठ आकड्यांवर रेषा टाकली तर वार्षिक घट जेमतेम ०.९ टक्के उरते. ४.२ वरून ०.९. म्हणजे दरवर्षी थोडी थोडी घट होत गेली असं या माळेत दिसत नाही. २०११ ते २०१६ च्या दरम्यान एकदा उतार आला, मग चढ आला, मग पुन्हा उतार.

ही तपासणी कुठलाही निकाल देत नाही आणि झाकलेली वर्षं फेकायचीही नाहीत. ती फक्त एवढं सांगते की आपली रेषा सुरुवातीच्या एका चांगल्या काळावर लटकलेली आहे. तो काळ चार वर्षांचा असला तरी त्या चार वेगळ्या साक्षी नाहीत. का नाहीत, ते पुढच्या तपासणीत येतं.

चौथी तपासणी: चिकटपणा मोजा

अडई इथलीच रहिवासी. यंदा मोजलेल्या पक्ष्यांतले बरेच पुढच्या जानेवारीतही जिवंत असतात आणि त्याच भागात असतात. तलावातली बेशरमाची झुडपं, गाळ आणि पाणवनस्पतीही एका वर्षात बदलत नाहीत. मोजणारे डोळेही तेच. म्हणून एक वर्ष चांगलं गेलं की पुढचंही बरं जाण्याची शक्यता असते. यालाच स्वसहसंबंध म्हणतात. सरळ रेषेचं साधं गणित मात्र असं धरून चालतं की दर वर्षी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

चिकटपणा मोजायला कागद पुरतो. प्रत्येक वर्षी खरा लॉग आणि रेषेवरचा लॉग यांतला फरक काढा. आपल्या माळेत तो पहिली चार वर्षं अधिक आहे, मग सलग चार मोजण्यांत उणे, मग पुन्हा अधिक आणि शेवटच्या दोन वर्षी जवळपास शून्य. आता शेजारच्या वर्षांच्या फरकांचा गुणाकार करा आणि त्याची सरासरी घ्या. तिला सगळ्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीने भागा. आलेला आकडा म्हणजे r.

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. रिकाम्या ओळी काढून टाकल्या की एक्सेलमध्ये २०१३ च्या खाली थेट २०१६ येतं. संगणक, आणि घाईतला माणूसही, त्यांना शेजारी समजतो. ती शेजारी नाहीत, त्यांच्यात तीन वर्षांचं अंतर आहे. आपल्या माळेत खऱ्या शेजाऱ्यांच्या नऊच जोड्या आहेत. त्यांवरून r येतो ०.५६. ओळी मिटवून खोट्या दोन जोड्या धरल्या तर तो ०.६६ होतो. इथे तो वाढला, दुसऱ्या माळेत कमी होऊ शकतो आणि तेव्हा चूक जास्त महागात पडते. म्हणून फाईलमध्ये प्रत्येक वर्षाची ओळ ठेवा, मोजणी नसेल तर घर रिकामं ठेवा, पण ओळ काढू नका.

r कळला की ढोबळ दुरुस्ती अशी करतात: दराच्या प्रमाण त्रुटीला, म्हणजे त्याच्या अनिश्चिततेच्या मापाला, खालच्या आकड्याने गुणायचं.

```
sqrt((1 + r) / (1 - r))
```

r = ०.५६ असेल तर हा गुणक १.८८ येतो. घटीचा दर ४.२ टक्केच राहतो, पण विश्वासाची पट्टी रुंदावते. ८.४ टक्के घटीपासून ०.३ टक्के वाढीपर्यंत. पी-व्हॅल्यू ०.००३ वरून ०.०६ च्या आसपास जाते. याच हिशोबाने १२ मोजण्यांची किंमत जेमतेम साडेतीन स्वतंत्र मोजण्यांइतकी भरते. बातमी "घट सिद्ध" इथून "घट असावी, पण एवढ्या वर्षांवरून ठामपणे सांगता येत नाही" इथपर्यंत आली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. थोड्या वर्षांच्या माळेत r बहुधा खऱ्यापेक्षा कमी भरतो, कारण चढउताराचा काही भाग रेषेनेच खाऊन टाकलेला असतो. म्हणून ही पट्टीही किमान रुंदी समजावी. r फार लहान आला म्हणून चिकटपणा नाही असंही समजू नये. दहा-बारा वर्षांत तो नीट दिसतच नाही.

पाचवी तपासणी: रिकाम्या वर्षांत टोकाची संख्या घालून पाहा

रिकामी वर्षं भरण्याचा मोह सगळ्यांना होतो. आजूबाजूच्या वर्षांवरून सरळ रेषेत २०१४, २०१५ आणि २०२१ भरली तर आपल्या माळेत घट ४.२ वरून ३.७ टक्क्यांवर सरकते आणि १२ मोजण्यांच्या १५ होतात. त्या तीन मोजण्या कुणीही पाळीवर उभं राहून केलेल्या नाहीत. शिवाय शेजाऱ्यांवरून भरलेला आकडा शेजाऱ्यांसारखाच असणार, म्हणजे आपण हातानेच चिकटपणा वाढवला. निकालासाठी वर्षं भरूच नका.

पण तपासणीसाठी भरा. २०१४ आणि २०१५ मध्ये आधी अगदी कमी, समजा २०० घाला आणि दर काढा. मग अगदी जास्त, समजा ६०० घाला. दर ३.४ ते ४.४ टक्के एवढाच हलतो. मधली वर्षं रेषेच्या टेकूपाशी असतात, त्यांनी रेषा फारशी झुकत नाही. आता २०२३ ची मोजणी झालीच नव्हती असं समजा आणि तिथे आधी २००, मग ६०० घाला. दर ५.५ वरून २.५ टक्क्यांवर येतो. टोकाचं एक वर्ष मधल्या दोन वर्षांपेक्षा तिप्पट हलवतं.

म्हणून मधली वर्षं गेली याची मी फार काळजी करत नाही, ती का गेली याची करतो. पहिली किंवा शेवटची वर्षं गेली असतील तर मात्र निष्कर्ष लिहायच्या आधी थांबतो. आणि यावरून एक काम निघतं: पैसा आणि माणसं कमी असतील तर मधे एखादं वर्ष चुकलं तरी चालेल, पण अहवाल द्यायच्या वर्षाची मोजणी चुकवू नका.

सहावी तपासणी: गणितालाच अंतर कळू द्या

आतापर्यंतचं काम कागदावर झालं. संगणकावर करायचं तर R मधलं `nlme` पॅकेज फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. फाईलमध्ये दोन रकाने, `varsh` आणि `sankhya`.

```
library(nlme)
d <- read.csv("adai.csv")
d <- d[!is.na(d$sankhya), ]
m <- gls(log(sankhya) ~ varsh, data = d,
         correlation = corCAR1(form = ~ varsh))
intervals(m)
```

यातली कळीची जागा `form = ~ varsh`. तिथे वर्ष दिलं की गणिताला २०१३ आणि २०१६ मधलं अंतर तीन आहे हे कळतं आणि त्यांच्यातला चिकटपणा r नाही, r चा घन धरला जातो. r = ०.५६ असेल तर तो ०.१८ होतो. मला मिळालेल्या कितीतरी फायलींत `corAR1(form = ~ 1)` असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ ओळींच्या क्रमाने जा, म्हणजे चौथ्या तपासणीतलीच खोटी शेजारी पुन्हा. चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही, उत्तर गुपचूप बदलतं. ओळींचा क्रम उलटासुलटा असेल तर आणखी बिघडतं.

वर सांगितल्याप्रमाणे पाण्याची नोंद असेल तर `varsh + pani` असं घालून पुन्हा चालवा. चिकटपणा पाण्यामुळेच आला असेल तर तो खाली येतो आणि घटीचा दरही बदलू शकतो. बारा-चौदा वर्षांवर मात्र असा एकच रकाना वाढवावा. चार वाढवले की काहीही सिद्ध होतं.

`intervals(m)` बहुधा चिकटपणाची पट्टी जवळजवळ ० ते १ अशी देईल किंवा पट्टी काढता येत नाही असं सांगून अडेल. दोन्हीचा अर्थ एकच: एवढ्या वर्षांतून r ठरवता येत नाही. तेव्हा r ला ०.३, ०.५, ०.७ असे आकडे देऊन तिन्ही पट्ट्या अहवालात लिहाव्यात. त्यासाठी `corCAR1(0.5, form = ~ varsh, fixed = TRUE)` असं लिहितात.

इथे थांबा आणि संख्याशास्त्रज्ञाकडे जा

मोजलेली वर्षं दहापेक्षा कमी असतील तर घरी कल काढू नका. नुसते ठिपके दाखवा. आकडे लहान असतील, म्हणजे सारससारखे एक-दोन आकडीच पक्षी आणि मधे मधे शून्यं, तर लॉगची सरळ रेषा चालत नाही. तिथे मोजणीच्या संख्येसाठीचं वेगळं गणित लागतं आणि त्यात वर्षांचा चिकटपणा बसवणं नवशिक्याचं काम नाही. मोजणारे, दुर्बीण किंवा मोजणीचा महिना मधेच बदलला असेल तर पक्षी बदलले की पाहणं बदललं हे वेगळं करावं लागतं. तेही आपल्या रेषेच्या आवाक्याबाहेर आहे. पहिल्या तपासणीत वर्षं पाण्यामुळे गळाली असं निघालं तर सहावी तपासणीही ते दुरुस्त करत नाही. आणि तलावावर मासेमारी बंद करा, ठेका रद्द करा अशी मागणी या आकड्यांवर उभी राहणार असेल तर निष्कर्ष दुसऱ्या जाणत्या नजरेखालून गेलाच पाहिजे. ढिवर कुटुंबांचं पोट त्या पाण्यावर आहे.

विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात अशी मदत मागता येते. जाताना बेरजेचा आलेख नेऊ नका. तलाव आणि वर्षांचा मूळ तक्ता न्या, त्यात रिकामी घरं रिकामीच ठेवा, प्रत्येक रिकाम्या घरासमोर न जाण्याचं कारण, मोजणीची तारीख, मोजणाऱ्यांची संख्या आणि तलावात पाणी किती होतं ते लिहा. माझ्या अनुभवात पहिली भेट बहुतेक वेळा या कारणांच्या रकान्यावरच खर्च होते, आणि तो रकाना भरून देऊ शकतील अशी माणसं गावातच असतात, त्या वर्षी पाळीवरून परत फिरलेली.